मागची बाकी दाखवून ॲप नवी राइड बुक करू देत नसेल तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रवास संपल्यावर पैसे भरताना व्यवहार अडकतो, बँकेचा पैसे कापल्याचा संदेश येतो, आणि पुढच्या वेळी गाडी बुक करायला गेले की ॲप 'आधीची बाकी भरा' एवढे सांगून दार बंद करते. या पानावर मुख्यतः याच परिस्थितीचा विचार केला आहे : भाडे यूपीआयने भरले, खात्यातून रक्कम गेली, पण राइड ॲपच्या हिशेबात ती जमा झाली नाही. कार्ड, रोख आणि डिलिव्हरी ॲप यांबद्दलचे प्रश्न त्याच ओघात पुढे घेतले आहेत.

माझ्या खात्यातून पैसे गेले आहेत, तरी ॲप बाकी का दाखवते?

पैसे कापले जाणे आणि ते मिळाल्याची खबर कंपनीला पोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण पिन टाकला की विनंती यूपीआयच्या यंत्रणेतून आपल्या बँकेकडे जाते आणि तिथे रक्कम वजा होते. त्यानंतर ती कंपनीच्या बाजूच्या बँकेकडे जमा व्हावी लागते, आणि शेवटी पेमेंट गेटवेकडून कंपनीच्या संगणकाला 'या राइडचे पैसे मिळाले' असा निरोप जावा लागतो. बँकेचा एसएमएस फक्त पहिल्या टप्प्याबद्दल सांगतो, तर ॲप फक्त शेवटच्या टप्प्याकडे पाहते. मधला एखादा दुवा तुटला किंवा उत्तर यायला उशीर झाला, तर बँक म्हणते पैसे गेले आणि ॲप म्हणते पैसे आले नाहीत. त्या क्षणी दोघेही आपापल्या जागी खरेच सांगत असतात.

म्हणून 'माझ्याकडे एसएमएस आहे' एवढ्या आधारावर ग्राहक सेवेशी वाद घालून फारसे हाती लागत नाही. समोरच्या व्यक्तीच्या पडद्यावर ती राइड न भरलेलीच दिसत असते. नेमका कोणता दुवा तुटला हे आधी ओळखले, तर कोणाकडे काय मागायचे हे आपोआप ठरते.

व्यवहार नेमका कुठे अडकला हे कसे ओळखायचे?

ज्या यूपीआय ॲपमधून पैसे भरले त्यातला व्यवहारांचा इतिहास उघडावा आणि त्या रकमेची नोंद पाहावी. तिथे व्यवहार यशस्वी, अयशस्वी किंवा प्रलंबित असे लिहिलेले असते आणि शेजारी बारा आकडी संदर्भ क्रमांक असतो. बहुतेक ॲपमध्ये त्याला UTR किंवा यूपीआय व्यवहार क्रमांक म्हणतात. हा क्रमांक लगेच उतरवून ठेवावा, कारण पुढची सगळी चौकशी त्याच्यावरच चालते. राइड ॲपने दिलेला ऑर्डर क्रमांक बँकेच्या कामाचा नसतो, आणि बँकेचा खाते क्रमांक राइड कंपनीच्या कामाचा नसतो. दोन्हीकडे चालणारा क्रमांक हाच.

त्यानंतर बँकेचे खातेपत्रक पाहावे. रक्कम वजा झाल्यावर काही मिनिटांत किंवा त्याच रात्री ती परत जमा झाली असेल, तर वजा झाल्याचा संदेश लक्षात राहतो आणि जमा झाल्याचा संदेश नजरेतून सुटतो, असे पुष्कळदा घडते. अशा वेळी ॲपची मागणी रास्त असते आणि बाकी भरून विषय संपवता येतो.

रक्कम परत आलेली नसेल, तर दोन शक्यता उरतात. यूपीआय ॲपमध्ये व्यवहार 'यशस्वी' असेल, तर पैसे कंपनीच्या बाजूला पोचले आहेत आणि जाब कंपनीला विचारायचा आहे. व्यवहार 'अयशस्वी' किंवा 'प्रलंबित' असूनही रक्कम खात्यातून गेलेली असेल, तर ती परत आणणे हे बँकेचे काम आहे. चुकीच्या दारावर केलेली तक्रार आठवडा वाया घालवते, म्हणून हा फरक सुरुवातीलाच करून घ्यावा.

मग ॲप मागते ती रक्कम पुन्हा भरावी की थांबावे?

व्यवहार प्रलंबित असताना घाईने दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत, असा माझा आग्रह आहे. प्रलंबित व्यवहार दोन्हीकडे झुकू शकतो. तो नंतर अयशस्वी ठरला, तर पहिली रक्कम बँकेतून परत येते आणि दुसरा भरणा खरा ठरतो. त्यात आपले नुकसान होत नाही. पण तो उशिरा यशस्वी झाला, तर एकाच राइडचे पैसे दोनदा जातात, आणि बँकेच्या दृष्टीने दोन्ही व्यवहार सुरळीत असल्यामुळे आपोआप परतावा मिळण्याचा मार्ग बंद होतो. मग जास्तीचे पैसे कंपनीकडून मागून घ्यावे लागतात, आणि ते काम अधिक चिकाटीचे आहे.

मात्र रात्री उशिरा घरी परतायचे आहे, किंवा घरातल्या आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे आहे, अशा वेळी तीनशे रुपयांच्या हिशेबासाठी कोणी अडून बसावे असे मी म्हणणार नाही. रस्त्यावर मीटरची रिक्षा किंवा दुसरे ॲप मिळत असेल तर तो सर्वांत सोपा मार्ग आहे. तोही नसेल तर बाकी भरून मोकळे व्हावे, पण त्याच अडकलेल्या यूपीआय खात्यातून पुन्हा प्रयत्न न करता दुसऱ्या बँकेच्या खात्यातून किंवा कार्डाने भरावी. ज्या बँकेचा सर्व्हर अडखळत आहे तिथूनच पुन्हा भरले, तर दोन प्रलंबित व्यवहार तयार होतात आणि गुंता वाढतो. भरण्यापूर्वी ॲपमधला बाकीचा पडदा आणि पहिल्या व्यवहाराची स्थिती या दोन्हींचे स्क्रीनशॉट घ्यावेत, कारण बाकी मिटल्यावर तो पडदा नाहीसा होतो आणि आपण दुसऱ्यांदा पैसे का भरले हे दाखवायला काही उरत नाही.

पहिली रक्कम किती दिवसांत परत यायला हवी?

रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2019 मध्ये अयशस्वी व्यवहारांसाठी मुदती ठरवून दिल्या आणि त्या 15 ऑक्टोबर 2019 पासून लागू झाल्या. दुकानदाराला किंवा कंपनीला यूपीआयने पैसे भरताना आपल्या खात्यातून रक्कम गेली आणि समोर पुष्टी पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्याहून उशीर झाल्यास दर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यावी लागते. कार्डाने केलेल्या ऑनलाइन भरण्यालाही हीच मुदत आणि हीच भरपाई आहे. व्यवहाराचा दिवस म्हणजे कॅलेंडरवरची तारीख. बँकेला सुट्टी होती म्हणून मोजणी पुढे सरकत नाही.

ही भरपाई ग्राहकाच्या तक्रारीची वाट न पाहता, बँकेने स्वतःहून जमा करायची आहे. प्रत्यक्षात ती आली का हे आपणच खातेपत्रकात पाहावे, आणि आली नसेल तर लेखी मागावी.

हे एका उदाहरणाने सांगता येईल का?

समजा, कोथरूडहून पुणे स्टेशनला जाण्याचे भाडे 312 रुपये झाले. तारीख 9. स्टेशनबाहेरच्या गर्दीत नेटवर्क क्षीण होते, पिन टाकल्यावर चक्र फिरत राहिले आणि राइड ॲपने पेमेंट झाले नाही असे दाखवले. दोन मिनिटांनी बँकेचा 312 रुपये वजा झाल्याचा संदेश आला. गाडी पकडायची घाई असल्यामुळे प्रवासी निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने राइड बुक करायचा प्रयत्न केला, तेव्हा ॲपने 312 रुपये बाकी दाखवून बुकिंग थांबवले.

यूपीआय ॲपमध्ये व्यवहार प्रलंबित होता. त्याने बारा आकडी क्रमांक उतरवून घेतला, त्या व्यवहाराच्या नोंदीतूनच तक्रार नोंदवली आणि तो दिवस रिक्षाने निभावला. आता पाच दिवसांची मुदत 14 तारखेला संपते. 14 पर्यंत रक्कम परत आली, तर भरपाईचा प्रश्न येत नाही. त्याने ॲपमधली 312 रुपयांची बाकी भरायची, कारण राइडचे पैसे कंपनीला अजून मिळालेलेच नाहीत. ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही : रक्कम परत आली म्हणजे राइड फुकट झाली असे नव्हे.

समजा रक्कम 17 तारखेला परत आली. मग 15, 16 आणि 17 असे तीन दिवस उशीर झाला, आणि 312 रुपयांसोबत 300 रुपये भरपाई मिळायला हवी. आणि समजा 11 तारखेलाच व्यवहाराची स्थिती बदलून यशस्वी झाली, तर पैसे कंपनीकडे गेले. अशा वेळी बहुधा बाकी आपोआप पुसली जाते, आणि ती पुसली नाही तर त्या बारा आकडी क्रमांकासह कंपनीला कळवायचे.

यूपीआय ॲप व्यवहार यशस्वी दाखवते, तरी राइड ॲप बाकी काढत नाही. कंपनीला काय लिहावे?

ॲपच्या मदत विभागात त्या विशिष्ट राइडवर जाऊन तिथूनच तक्रार करावी, म्हणजे राइडचा तपशील तक्रारीला आपोआप जोडला जातो. मजकूर लहान ठेवावा. उदाहरणार्थ :

> दिनांक 9 रोजी रात्री 9.40 च्या सुमारास संपलेल्या राइडचे 312 रुपये मी यूपीआयने भरले. व्यवहार यशस्वी आहे. बारा आकडी संदर्भ क्रमांक सोबत देत आहे. यूपीआय ॲपमधील पावती आणि त्या दिवसाचे खातेपत्रक जोडले आहे. ही रक्कम माझ्या राइडवर जमा करून बाकी काढावी व बुकिंग सुरू करावे. मधल्या काळात मी बाकी दुसऱ्यांदा भरल्यास जादा रक्कम मूळ खात्यात परत करावी, ॲपच्या वॉलेटमध्ये नव्हे.

शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. परतावा वॉलेटमध्ये किंवा पुढच्या राइडवरची सूट म्हणून देऊ केला जातो, आणि एकदा तो स्वीकारला की बँकेत मागणे अवघड होते. ज्यांना ते ॲप रोज लागते त्यांना वॉलेट चालेलही, पण निर्णय आपला असावा.

खातेपत्रक जोडताना त्या एका नोंदीव्यतिरिक्त बाकीच्या ओळी झाकाव्यात. पगार, हप्ते आणि औषधांचे खर्च राइड कंपनीला दाखवण्याचे कारण नाही.

साचेबद्ध उत्तरे येतात आणि तक्रार बंद होते. पुढे कुठे जावे?

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचे नाव व संपर्क ॲपवर किंवा संकेतस्थळावर द्यावा लागतो. त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच 48 तासांत दिली पाहिजे आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढली पाहिजे. मदत विभागातले उत्तर पटले नाही, तर त्याच मजकुराचा ईमेल या अधिकाऱ्याला पाठवावा. माझ्या मते ही पायरी लोक विनाकारण गाळतात. मदत विभागात तयार उत्तरे पाठवली जातात, तर निवारण अधिकाऱ्याच्या टेबलावर तारखेची मुदत असते.

तिथेही काम झाले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते, consumerhelpline.gov.in वरही नोंद करता येते. ग्राहक आयोगाचा मार्ग त्यापुढचा. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क नाही, तरी तीनशे रुपयांसाठी तिथे जाणे बहुतेकांना वेळेच्या दृष्टीने परवडत नाही.

बँकेकडे अडकलेल्या रकमेचा क्रम निराळा आहे. आधी यूपीआय ॲपमधली तक्रार, मग आपल्या बँकेकडे लेखी तक्रार, आणि बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. बँकेकडे तक्रार न करता थेट लोकपालाकडे गेल्यास अर्ज परत येतो.

मी चालकाला रोख पैसे दिले होते. तरी बाकी कशी?

ॲपमध्ये पैसे भरण्याचा प्रकार 'ऑनलाइन' राहिला असेल, तर चालकाला दिलेली रोख कंपनीच्या नोंदीत येत नाही. ऑनलाइन भरणा अयशस्वी झाल्यावर चालक म्हणतो, "साहेब, रोखच द्या, मला पुढची ट्रिप आहे," आणि आपण देऊन टाकतो. त्याची मागणी समजण्यासारखी आहे, पण हिशेब दोन ठिकाणी फाटतो. चालकाने आपला वैयक्तिक क्यूआर दाखवला आणि त्यावर पैसे भरले, तरी हेच होते : पैसे त्याच्या खात्यात गेले, राइड मात्र न भरलेली राहिली.

रोख देण्यापूर्वी ॲपमध्ये 'रोख' हा प्रकार निवडावा, आणि चालकाच्या फोनवर रोख घेण्याची रक्कम दिसते आहे का हे त्यालाच विचारावे. ती दिसली की दोन्ही बाजूंची नोंद जुळली. आधीच देऊन झाले असेल, तर चालकाच्या नावावर झालेल्या यूपीआय व्यवहाराची पावती कंपनीला पाठवता येते आणि कंपनी चालकाकडून खातरजमा करून बाकी काढू शकते. नुसत्या रोखीला असा पुरावा नसतो, त्यामुळे तक्रार त्याच दिवशी करावी, चालकालाही ती राइड आठवत असताना.

बाकी भरली, तरी बुकिंग होत नाही.

काही मिनिटे थांबून ॲप पूर्ण बंद करून उघडावे. तरीही अडले, तर मागच्या राइडची यादी खालपर्यंत पाहावी. एकाऐवजी दोन राइडची बाकी असू शकते, किंवा पूर्वी लागलेले रद्द शुल्क वेगळे उभे असते.

मिटलेली बाकी काही दिवसांनी पुन्हा उगवली. हे कसे?

पावती पाहून कंपनीने बाकी तात्पुरती काढलेली असते, पण प्रत्यक्षात तो व्यवहार पुढे अयशस्वी ठरून रक्कम आपल्या खात्यात परत आलेली असते. कंपनीच्या हिशेबात ते पैसे कधी आलेच नाहीत, म्हणून बाकी पुन्हा उभी राहते. त्या तारखेनंतरच्या सात-आठ दिवसांच्या खातेपत्रकात तेवढीच रक्कम जमा झाली आहे का पाहावे. झाली असेल तर बाकी खरी आहे.

कार्ड तर जोडलेले होते. मग पैसे आपोआप का गेले नाहीत?

आपल्याकडे ऑनलाइन कार्ड भरण्यासाठी साधारणपणे ओटीपीसारखी दुसरी खातरजमा लागते. राइड संपल्यावर आपण गाडीतून उतरून निघून गेलो आणि ओटीपी टाकला नाही, तर भरणा अर्धवट राहतो. आणखी एक कारण नेहमी सापडते : कार्ड बदलून नवे आले असते आणि त्यावरचे ऑनलाइन व्यवहार सुरू केलेले नसतात. नवे कार्ड देताना बँकेने ही सोय बंद ठेवून द्यायची असा नियम आहे. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या नियंत्रणात ती चालू करता येते. कार्ड बदलले असल्यास राइड ॲपमधले जुने कार्ड काढून नवे जोडावे, नाहीतर ॲप मुदत संपलेल्या कार्डावरच प्रयत्न करत राहते.

दुसऱ्या मोबाइल क्रमांकाने नवे खाते काढले तर?

मी तसे करू नये असे सुचवेन. बाकी मोबाइल क्रमांकाला जोडलेली असते, म्हणून ॲप काढून पुन्हा टाकल्याने ती जात नाही. बाकी चुकवण्यासाठी उघडलेले दुसरे खाते कंपनीच्या अटींचा भंग ठरू शकते, आणि मग दोन्ही खाती बंद पडण्याचा धोका असतो. शिवाय आपली मूळ तक्रार खरी असली, तरी या एका कृतीने ती दुबळी होते.

या बाकीमुळे माझा सिबिल स्कोअर घसरेल का?

राइड कंपनीने दिलेली सेवा हे कर्ज नाही आणि ती कंपनी कर्ज देणारी संस्था नाही, त्यामुळे साध्या थकलेल्या भाड्याची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे जात नाही. पण 'नंतर भरा' प्रकारची सोय वापरली असेल, तर पैसे एखाद्या बँकेने किंवा वित्तसंस्थेने आपल्या वतीने भरलेले असतात. ते कर्जच आहे, आणि त्याचा हप्ता थकला तर नोंद होते.

डिलिव्हरी ॲपला हेच लागू होते का?

मुदती आणि तक्रारीचे मार्ग तेच आहेत. मात्र तिथे बहुतेक ऑर्डरचे पैसे आधी घेतले जातात, त्यामुळे भरणा अयशस्वी झाला तर ऑर्डरच नोंदली जात नाही आणि बाकी उभी राहत नाही. बाकी दिसते ती सामान दारात आल्यावर पैसे देण्याच्या ऑर्डरमध्ये, जेव्हा दारातला यूपीआय व्यवहार अडकतो आणि डिलिव्हरी करणारा मुलगा 'पैसे गेलेत ना, ठीक आहे' म्हणत निघून जातो. त्याला त्याच्या फोनवर पैसे मिळाल्याची नोंद दिसेपर्यंत दोन मिनिटे थांबायला सांगणे त्याच्याही हिताचे आहे.

इंटरनेटवर कंपनीच्या ग्राहक सेवेचा फोन नंबर मिळाला. त्यावर बोलू का?

नको. अडकलेल्या परताव्याची चौकशी करणारी माणसे ठगांना हवीच असतात, आणि शोधात वर येणारे नंबर पुष्कळदा त्यांचेच असतात. ते फोनवर बाकी तपासल्याचे नाटक करतात, मग पडदा दाखवणारे एखादे ॲप टाकायला सांगतात किंवा परतावा घेण्यासाठी यूपीआय पिन टाका म्हणतात. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. कंपनीशी संपर्क ॲपच्या आतल्या मदत विभागातूनच करावा. फसवणूक झालीच, तर क्षण न दवडता 1930 वर फोन करावा आणि cybercrime.gov.in वर नोंद करावी. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी थांबवण्याची शक्यता जास्त.

मी परदेशात असतो आणि ठाण्यातल्या आईवडिलांसाठी माझ्या खात्यातून गाडी बुक करतो. बाकी कोणावर पडते?

ज्या खात्यातून बुकिंग झाले त्याच्यावर, म्हणजे तुमच्यावर. परदेशी बँकेचे कार्ड भारतातल्या ॲपवर नाकारले गेले, तर त्याचा परिणाम आईला दवाखान्यातून परत यायचे असते तेव्हा जाणवतो, कारण परतीची गाडी मिळत नाही. अशा राइडसाठी बुकिंग करतानाच 'रोख' निवडावे आणि भाडे त्यांना चालकाला द्यायला सांगावे. त्यांच्या फोनवर त्यांचे स्वतःचे खातेही सुरू करून ठेवावे, म्हणजे तुमच्या खात्यावर बाकी अडकली तरी त्यांना दुसऱ्या खात्यातून गाडी बोलावता येईल.